अर्थसंकल्प मंजूर झाल्यानंतर

अर्थमंत्र्यांचे भाषण संपते, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात काय स्वस्त, काय महाग याची चौकट येते आणि बहुतेकांसाठी अर्थसंकल्पाचा विषय तिथे मिटतो. खर्चाचे वर्ष मात्र त्यानंतर सुरू व्हायचे असते. भाषणात नसलेली योजना वर्षाच्या मध्यात येते, जाहीर झालेल्या कामाचा पैसा दुसरीकडे जातो आणि कधी कधी तर पूर्ण अर्थसंकल्प मंजूर नसतानाही सरकार चालू राहते. हे सारे कायद्याच्या चौकटीतच होते आणि त्यासाठी तीन वाटा आहेत : लेखानुदान, पुरवणी मागण्या आणि पुनर्विनियोजन. लेखानुदानाने सरकार वेळ मागते, पुरवणी मागणीने जास्त पैसा मागते आणि पुनर्विनियोजनाने मिळालेल्याच पैशाची जागा बदलते. पहिल्या दोन गोष्टींसाठी विधिमंडळात जावे लागते. तिसरी बहुतेक वेळा कार्यालयातच उरकते.

या तिन्ही वाटा एकाच वर्षात पाहायच्या तर महाराष्ट्राचे 2024-25 हे आर्थिक वर्ष घ्यावे. त्या वर्षाची सुरुवात झाली तेव्हा मुख्यमंत्री ठाण्याच्या कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाचे आमदार एकनाथ शिंदे होते आणि अर्थखाते अजित पवार यांच्याकडे होते.

चार महिन्यांची परवानगी

ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगरपर्यंत पसरलेली आहे. तिथल्या शिपायाचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो. मार्च महिन्याचा पगार एप्रिलमध्ये हातात पडतो, म्हणजे तो नव्या आर्थिक वर्षाच्या खात्यावर लिहिला जातो. राज्यघटनेनुसार विधिमंडळाने विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही आणि त्या कायद्याची मुदत 31 मार्चला संपते. मग 1 एप्रिलपर्यंत नवा अर्थसंकल्प मंजूर झालेला नसेल, तर पगार कुठून द्यायचा?

2024 मध्ये ही अडचण आधीपासूनच दिसत होती. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. 16 मार्चला आचारसंहिता लागली, ठाणे आणि कल्याण मतदारसंघांत 20 मे रोजी मतदान झाले आणि आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. मतदारांसमोर जायच्या तोंडावर वर्षभराच्या नव्या योजना आणि नवे कर मांडू नयेत, असा संकेत आहे. म्हणून 27 फेब्रुवारी 2024 रोजी अजित पवार यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि विधिमंडळाने पहिल्या चार महिन्यांच्या खर्चाला लेखानुदानाने मान्यता दिली. पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला आला. आधीच्या दोन लोकसभा निवडणुकांच्या वेळीही असेच झाले होते : 2014 मध्ये 25 फेब्रुवारी आणि 5 जून, 2019 मध्ये 27 फेब्रुवारी आणि 18 जून.

अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान यांत बऱ्याचदा गल्लत होते. अंतरिम अर्थसंकल्पात संपूर्ण वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज असतो. लेखानुदान ही त्यातल्या काही महिन्यांच्या खर्चाला मिळालेली आगाऊ मंजुरी असते. राज्यघटनेच्या 206व्या अनुच्छेदाने ही सोय केली आहे. मागण्यांवर सविस्तर चर्चा आणि मतदान व्हायचे बाकी असताना सभागृह सरकारला सांगते की, तोवर एवढा खर्च करा, हिशेब नंतर पाहू. चार महिन्यांसाठी ढोबळमानाने वर्षाच्या एक तृतीयांश रक्कम लागते. पण ज्या खात्याला पावसाळ्याआधी बियाणे, औषधे किंवा धरणांच्या दुरुस्तीवर जास्त खर्च करायचा असतो, त्याची गरज या हिशेबात बसतेच असे नाही.

लेखानुदानाची मर्यादा त्याच्या हेतूतच आहे. चालू कामे चालू राहावीत एवढ्यासाठी ते दिलेले असते. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, रुग्णालयांची औषधे, आधीच कार्यादेश दिलेल्या बांधकामांची देयके यांना अडथळा येत नाही. नव्या योजनेला मात्र त्यातून हात घालायचा नसतो. त्यामुळे लेखानुदानाच्या वर्षात नवी कामे उशिरा सुरू होतात. जूनच्या अखेरीस अर्थसंकल्प आला की प्रशासकीय मान्यता पावसात मिळते, निविदा दिवाळीच्या सुमाराला निघते आणि प्रत्यक्ष कामाला जेमतेम चार-पाच महिने उरतात. 2024 मध्ये त्यातही ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली. अशा वर्षात मार्चअखेर बराच निधी पडून राहिला, तर त्याचे मूळ या वेळापत्रकात शोधावे लागते.

अकरा दिवसांनी आलेले 94,889 कोटी

28 जूनच्या भाषणात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. पात्र महिलेला दरमहा 1,500 रुपये आणि वर्षाचा अंदाजे खर्च 46 हजार कोटी रुपये. त्या अर्थसंकल्पाचे आकारमान सुमारे 6 लाख 12 हजार कोटी होते, म्हणजे दर तेरा रुपयांतला एक रुपया या एका योजनेसाठी लागणार होता. त्यानंतर अकराव्या दिवशी, 9 जुलै 2024 रोजी, सरकारने 94 हजार 889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात मांडल्या. त्यात महिला व बालविकास विभागासाठी 26 हजार 273 कोटी होते आणि त्यातले 25 हजार कोटी लाडकी बहीण योजनेसाठी होते. नगरविकास विभागाची मागणी 14 हजार 595 कोटींची होती.

अकरा दिवसांत पुरवणी मागणी लागतेच कशी, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. लेखानुदानाच्या वर्षाचा क्रम पाहिला की त्याचे उत्तर मिळते. फेब्रुवारीत मांडलेल्या मागण्यांची पुस्तके जुन्या योजनांच्या हिशेबाने बनली होती. जूनमध्ये नव्या योजना आल्या आणि त्यांचा मोठा वाटा पुरवणी मागण्यांतून उभा करण्यात आला. भाषणात योजना आणि पैसा पुरवणीत, अशी विभागणी झाली. जो वाचक फक्त 28 जूनचे आकडे पाहून थांबला, त्याला त्या वर्षाचा खरा खर्च कळलाच नाही.

पुरवणी मागणीचा आधार राज्यघटनेचा 205वा अनुच्छेद आहे. मंजूर रक्कम कमी पडली किंवा अर्थसंकल्पात नसलेली सेवा नव्याने सुरू करायची असली, तर सरकारला पुन्हा विधिमंडळापुढे यावे लागते. वाट तीच असते : विभागाने वित्त विभागाकडे प्रस्ताव पाठवायचा, वित्त विभागाने तो तपासायचा, मंत्रिमंडळाने मान्य करायचा, मग सभागृहात मागणी, मतदान आणि शेवटी पुरवणी विनियोजनाचा कायदा. महाराष्ट्रात पावसाळी, हिवाळी आणि अर्थसंकल्पीय अशा तिन्ही अधिवेशनांत पुरवणी मागण्या येतात. 2024-25 मध्ये जुलैनंतर डिसेंबरात नागपूरला 35 हजार 788 कोटींच्या आणि मार्च 2025 मध्ये 6 हजार 486 कोटींच्या मागण्या आल्या. तिन्ही मिळून बेरीज 1 लाख 37 हजार कोटींच्या वर जाते. जूनच्या अर्थसंकल्पाशी तुलना केली, तर वर्षभरात त्यात पाचव्या हिश्शाहून जास्त भर पडली.

हा आकडा वाचताना मात्र एक सावधगिरी हवी. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेच्या सुरुवातीलाच तीन गट दिलेले असतात. जुलैच्या 94 हजार 889 कोटींपैकी 17 हजार 334 कोटी अनिवार्य खर्चासाठी, 75 हजार 40 कोटी कार्यक्रमांसाठी आणि 2 हजार 515 कोटी केंद्र पुरस्कृत योजनांसाठी होते. अनिवार्य खर्च सरकारला टाळता येत नाही. केंद्राच्या योजनेचा पैसा राज्याकडे आला, तरी खर्चासाठी त्याला विधिमंडळाची मंजुरी लागतेच. राहिला कार्यक्रमांचा खर्च, आणि तो मात्र सरकारची स्वतःची निवड असते. म्हणून एकूण बेरजेपेक्षा कार्यक्रमांचा आकडा आधी पाहावा. त्या जुलैत तो एकूण मागण्यांच्या जवळपास चार पंचमांश होता.

त्यानंतर पाहायचा तो निव्वळ भार. काही मागण्यांसमोर तेवढीच जमा असते किंवा दुसऱ्या लेखाशीर्षाखाली तेवढीच बचत असते, त्यामुळे तिजोरीवर नवे ओझे येत नाही. जुलैच्या मागण्यांचा निव्वळ भार 88 हजार 770 कोटी होता. म्हणजे हिशेबातली उलाढाल थोडीच होती, बहुतेक सगळा खरा खर्च होता. एवढा पैसा कर, कर्ज किंवा दुसरीकडची कपात यांतूनच येणार, आणि यातले नेमके काय हे पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. पुरवणीचे कच्चे अंग नेमके इथे आहे. अर्थसंकल्पात जमा आणि खर्च समोरासमोर असतात. पुरवणीत सभागृहासमोर फक्त खर्च येतो, चर्चेला वेळही थोडा मिळतो आणि तुटीचा आकडा वर्ष संपल्यावर कळतो.

अधिवेशन नसताना तातडीचा खर्च उभा राहिला, तर सरकार आकस्मिकता निधीतून आगाऊ रक्कम उचलते आणि पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर करून ती भरून काढते. राज्याचा हा कायम निधी 150 कोटींचा आहे आणि मोठी गरज पडली की तो तात्पुरता वाढवून घेतला जातो.

त्याच पैशाची नवी जागा

पुनर्विनियोजनात नवा पैसा येत नाही. एका लेखाशीर्षाखाली उरणारी रक्कम त्याच मागणीतल्या, कमी पडणाऱ्या दुसऱ्या लेखाशीर्षाकडे नेली जाते. सभागृहाने त्या मागणीला एकूण रक्कम मंजूर केलेली असते, ती तेवढीच राहते. म्हणून यासाठी पुन्हा मतदान लागत नाही.

नेमके याच कारणाने त्याभोवती कुंपणे घातली आहेत. एका मागणीतला पैसा दुसऱ्या मागणीत नेता येत नाही. महसुली खर्चाची बचत भांडवली खर्चाला आणि भांडवलीची महसुलीला लावता येत नाही. ज्या खर्चावर सभागृह मतदान करते त्याची आणि न्यायाधीशांचे वेतन किंवा कर्जावरचे व्याज यांसारख्या भारित खर्चाची सरमिसळ चालत नाही. नव्या सेवेसाठी पुनर्विनियोजन करता येत नाही, कारण त्या सेवेला सभागृहाने होकार दिलेलाच नसतो. अशा वेळी बचत हाताशी असली, तरी सरकार हजार रुपयांसारखी लाक्षणिक पुरवणी मागणी मांडते. पैसा बचतीतूनच येतो, पण सभागृहाची संमती रीतसर घेतली जाते. पुरवणीच्या पुस्तिकेत अशी हजार रुपयांची ओळ दिसली, तर ती वगळून पुढे जाऊ नये. तिच्यामागे कोट्यवधींची नवी योजना असू शकते.

जिल्ह्याच्या पातळीवर पुनर्विनियोजन कसे होते हे पाहण्यासाठी ठाणे जिल्हा नियोजन समिती घेऊ. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. समितीच्या निधीचे तीन वेगळे भाग असतात : सर्वसाधारण जिल्हा वार्षिक योजना, अनुसूचित जातींसाठीची योजना आणि शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांतल्या आदिवासींसाठीची योजना. एका भागातला पैसा दुसऱ्यात जात नाही.

आता समजा, सर्वसाधारण योजनेत ग्रामीण शाळांच्या वर्गखोल्यांसाठी 5 कोटी आणि जिल्ह्यातल्या नागरी रस्त्यांसाठी 8 कोटी ठेवले आहेत. डिसेंबरात आढावा घेतला जातो. वर्गखोल्यांच्या 5 कोटींपैकी 3 कोटींच्याच कामांना प्रशासकीय मान्यता मिळाली आहे, उरलेल्या शाळांच्या जागेचा वाद मिटलेला नाही. रस्त्यांची कामे मात्र सुरू आहेत आणि 31 मार्चपर्यंत 10 कोटींची देयके येणार आहेत. यंत्रणा लेखी देते की 2 कोटी खर्च होणार नाहीत, जिल्हा नियोजन अधिकारी प्रस्ताव तयार करतात, समितीची बैठक त्याला मान्यता देते आणि बीम्स या ऑनलाइन प्रणालीवर एका शीर्षाची तरतूद कमी होऊन दुसऱ्याची वाढते. 31 मार्चच्या आत हे झाले नाही, तर 2 कोटी शासनाकडे परत जातात आणि रस्त्याचे ठेकेदार पुढच्या वर्षाच्या निधीकडे डोळे लावून बसतात.

कागदावर हा व्यवहार निर्दोष आहे. पण शाळेच्या वर्गखोल्या राहिल्याच. पुनर्विनियोजनातली जोखीम इथे दिसते. ज्या कामाला जागा, परवानग्या, सर्वेक्षण लागते ते मागे पडते आणि ज्याची निविदा पटकन निघते ते पुढे जाते. हे एकदा झाले तर चांगले नियोजन म्हणावे. तीन वर्षे सलग एकाच शीर्षातून पैसा निघत असेल, तर ते काम करायचा इरादाच नाही असे समजायला हरकत नाही. दुसरी खूण तारखेत सापडते. डिसेंबर-जानेवारीत बदल झाला तर काम होण्याइतका वेळ उरतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला बदल बहुधा निधी परत जाऊ नये एवढ्यासाठीच असतो. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षअखेरपर्यंत खर्च करण्याची मुभा असल्याने मार्चमध्ये पैसा त्या बाजूला सरकवण्याचा मोहही होतो.

‘निधी वळवला’ अशी बातमी येते तेव्हा ही कुंपणे आठवावीत. मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाकडून 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाकडून 335 कोटी 70 लाख महिला व बालविकास विभागाकडे गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. ही तरतूद अर्थसंकल्पातच करण्यात आली होती, अशी अर्थमंत्र्यांची बाजू होती. अशा वादात सगळे एका प्रश्नावर येते : ती रक्कम त्या विभागाच्या मागणीत मार्चमध्येच या योजनेच्या नावाने लिहिली होती की दुसऱ्या कामाच्या शीर्षातून काढली? लिहिलेली असेल तर ते वितरण आहे, आणि वाद घालायचाच तर मार्चमधल्या त्या निवडीवर घालावा लागेल. दुसऱ्या मागणीतून काढली असेल तर ती पुनर्विनियोजनाच्या नियमात बसत नाही. तरतुदीचे लेखाशीर्ष शासन निर्णयाच्या शेवटी छापलेले असते, तिथून हे ताडून पाहता येते.

महापालिकेत कोण कोणाला विचारतो

महापालिकांवर राज्यघटनेतले हे अनुच्छेद लागू नाहीत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका 1949च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात बदल करते आणि महासभा अंतिम मंजुरी देते. वर्षाच्या मध्यात जादा तरतूद करणे आणि एका शीर्षाची रक्कम दुसऱ्याकडे नेणे यांचीही सोय त्या कायद्यात आहे. महापालिकांच्या रोजच्या भाषेत याला वर्गीकरण म्हणतात. या साऱ्याचा आधार एकच आहे. मागणारे प्रशासन आणि देणारे लोकनियुक्त सभागृह वेगवेगळे असतात. खड्डे बुजवण्यासाठी उद्यानाचे पैसे घ्यायचे असतील, तर त्या उद्यानाच्या प्रभागातला नगरसेवक सभागृहात उभा राहून का, असे विचारू शकतो.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 मध्ये आणि ठाण्यात मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर जानेवारी 2026च्या निवडणुकांपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. ठाण्याचे 2024-25चे 5,025 कोटींचे अंदाजपत्रक याच काळातले आहे. आयुक्तच प्रशासक असल्याने प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच होता. नियम मोडला गेला असे नव्हे. पण वर्गीकरणाच्या प्रस्तावावर प्रश्न विचारणारा समोर कोणी नव्हता आणि नागरिकाला तो बदल कळायचा तो थेट पुढच्या वर्षीच्या सुधारित अंदाजपत्रकात.

आता सभागृहे पुन्हा आली आहेत. आपल्या प्रभागातल्या कामाचे काय झाले हे पाहायचे असेल, तर अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत त्या लेखाशीर्षासमोरचे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवावेत : गेल्या वर्षीचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि त्याच्या आदल्या वर्षी प्रत्यक्षात झालेला खर्च. मूळ अंदाज मोठा, सुधारित लहान आणि प्रत्यक्ष खर्च नगण्य असेल, तर तो पैसा कुठे गेला हे नगरसेवकाला लेखी विचारावे. राज्याच्या बाबतीत हेच काम नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल करतो. मूळ तरतूदच संपलेली नसताना घेतलेल्या पुरवणी मागण्या त्यात नोंदवल्या जातात. अर्थसंकल्पाच्या दिवशी सरकार काय करणार ते ऐकावे आणि पुढच्या मार्चमध्ये हे तीन आकडे पाहून त्याने काय केले ते ठरवावे.